कंपाउंड वॉलला ब्लॉक किती आणि सांध्यांना माल किती: रद्द्यावरून मोजायची रीत

कंपाउंड वॉलचा हिशोब बहुतेक ठिकाणी एकाच ओळीत होतो: प्लॉटचा घेर गुणिले उंची, आणि चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक. हा साडेबाराचा आकडा खोटा नाही. पण तो सलग, फटीविना उभ्या भिंतीचा आहे, आणि कंपाउंड वॉल तशी कधीच नसते. तिच्यात दर नऊ-दहा फुटांवर कॉलम असतो, एका बाजूला गेट असतं, वर काँक्रीटचं कोपिंग असतं. शिवाय दोन कॉलममधल्या जागेत ब्लॉक पूर्ण बसतील की प्रत्येक रद्द्यात एक कापावा लागेल, हे चौरस मीटरच्या हिशोबात दिसतच नाही. म्हणून ब्लॉक रद्द्यावरून, म्हणजे ब्लॉकच्या एकेका आडव्या ओळीवरून मोजावेत. एका रद्द्याला किती लागतात ते दोन कॉलममधल्या प्रत्येक गाळ्यासाठी काढायचं आणि रद्द्यांच्या संख्येने गुणायचं. वेळ अर्धा तास जास्त जातो, पण कॉलमची आखणी चुकीची आहे का, हेही त्याच अर्ध्या तासात कळतं. पाया खणायच्या आधी ते कळणं महत्त्वाचं.

इथे उदाहरणाला १५ मीटर बाय १२ मीटरचा प्लॉट घेतला आहे, म्हणजे बोलीभाषेतला साधारण पन्नास बाय चाळीसचा. चारही बाजूंनी भिंत, पुढच्या १२ मीटरच्या बाजूला गाडीचं गेट. कॉलम नऊ इंची, म्हणजे २३० बाय २३० मिमी. जमिनीलगत सलग प्लिंथ बीम आणि त्यावर सहा इंची सॉलिड ब्लॉकचं काम. वरच्या कोपिंगसकट उंची दीड मीटर.

आधी ब्लॉक मोजा, मग प्लॉट

दुकानदार म्हणतो "सोळा-आठ-सहा", पावतीवर असतं ४००×२००×१५०. हातात येणारा ब्लॉक यातला कुठलाही असू शकतो, किंवा यातला कुठलाच नसू शकतो. आयएस २१८५ या भारतीय मानकात ४००×२०० हे नावापुरतं माप आहे. त्यात सांध्याचे १० मिमी धरलेले असतात, म्हणजे प्रत्यक्ष ब्लॉक ३९० मिमी लांब आणि १९० मिमी उंच असायला हवा. पण गावोगावचे ब्लॉकवाले आपापल्या साच्यातून माल काढतात. काहींचा ब्लॉक खरोखर ३९०चा असतो, काहींचा पूर्ण ४००चा, तर इंचाच्या जुन्या साच्यातला ४०६चा निघतो.

एक ब्लॉक मोजून हे नीट समजत नाही, कारण मानकातच लांबीला ५ मिमी आणि उंचीला ३ मिमी कमी-जास्त चालतं. ब्लॉकवाल्याच्या यार्डात जाऊन दहा ब्लॉक सपाट जागेवर एका रेषेत, एकमेकांना घट्ट टेकवून ठेवा आणि टेप लावा. ३.९० मीटर भरले तर ब्लॉक ३९०चा. ४.०० भरले तर ४००चा, आणि ४.०६च्या आसपास असेल तर इंचाच्या साच्यातला. तसेच पाच ब्लॉक एकावर एक रचून उंची पाहा. ९५ सेंटिमीटर आली तर १९०चा ब्लॉक, पूर्ण एक मीटर आली तर २००चा.

दहा मिलिमीटरसाठी एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. एका गाळ्यात सात ब्लॉक बसतात, म्हणजे फरक ७० मिमीचा होतो. तेवढ्यात सातवा ब्लॉक बसत नाही. मग गवंडी प्रत्येक रद्द्यात शेवटचा ब्लॉक तोडत बसतो, आणि तोडलेला तुकडा कुठेच उपयोगी पडत नाही.

पुढचा सगळा हिशोब ३९०×१९०×१५० मिमीच्या ब्लॉकचा आणि १० मिमी सांध्याचा आहे. तुमचा ब्लॉक वेगळा निघाला तर रीत तीच ठेवा, आकडे बदला.

गाळा ब्लॉकच्या मापात बसवणं

दोन कॉलमच्या आतल्या मोकळ्या अंतराला इथे गाळा म्हणू. त्यात सात ब्लॉक ठेवले तर सांधे आठ येतात: सहा मधले, आणि दोन्ही टोकांना कॉलमला टेकणारा एकेक. सात ब्लॉकचे २७३० आणि आठ सांध्यांचे ८०, असे २८१० मिमी झाले. म्हणजे ब्लॉकमागे ४०० मिमी धरायचे आणि शेवटी १० मिळवायचे. साडेसहा ब्लॉकचा गाळा २६१०, सहाचा २४१०.

अर्ध्याचा हिशोब का? खालच्या रद्द्यातला उभा सांधा वरच्या रद्द्यात ब्लॉकच्या पोटाखाली यावा लागतो. सात ब्लॉकच्या गाळ्यात पहिला रद्दा सात पूर्ण ब्लॉकचा. दुसऱ्या रद्द्यात अर्धा, मग सहा पूर्ण, मग पुन्हा अर्धा. साडेसहाच्या गाळ्यात एका रद्द्यात अर्धा डावीकडे, पुढच्या रद्द्यात उजवीकडे. दोन्हीत उभे सांधे बरोबर २०० मिमीने सरकतात आणि अर्ध्याखेरीज दुसरा तुकडा लागत नाही.

गाळा २७३० मिमीचा पडला, तर सहा ब्लॉकनंतर ३१० मिमीचा तुकडा लागतो. पुढच्या रद्द्यात सांधे सरकवायला आणखी वेगळे तुकडे, आणि शेवटी कुठेतरी उभे सांधे एकमेकांच्या दोन-तीन इंचांवर येतात. पुढे भिंतीला तडा गेला की तो त्याच जिन्यासारख्या ओळीने उतरतो. ब्लॉक वाया जाणं हा यातला छोटा तोटा आहे.

आपल्याकडे कॉलम मध्यापासून मध्यापर्यंत दहा फुटांवर घ्यायची पद्धत आहे. नऊ इंची कॉलम वजा केला की २८१८ मिमीचा गाळा उरतो, आणि ३९०चा ब्लॉक त्यात सातच्या हिशोबाने चपखल बसतो. साडेसहाच्या गाळ्याला कॉलम नऊ फूट चार इंचांवर येतात, सहाच्या गाळ्याला आठ फूट आठ इंचांवर. ब्लॉक ४००चा निघाला तर मात्र सातचा गाळा २८८० मिमीचा हवा, म्हणजे कॉलम दहा फूट अडीच इंचांच्या आसपास. ही अंतरं आखणीच्या वेळी दोरीवर खुणा करून गवंड्याला द्या.

आता आपला प्लॉट. १५ मीटरच्या बाजूला सहा कॉलम, त्यांचे १.३८ मीटर गेले, उरले १३.६२ मीटर. तीन गाळे सातचे आणि दोन साडेसहाचे घेतले तर १३.६५ मीटर लागतात, म्हणजे ३० मिमी कमी पडतात. ते पाच गाळ्यांत वाटले तर गाळ्यामागे ६ मिमी, आणि प्रत्येक सांध्यात एक मिलिमीटरही नाही. गवंड्याच्या हाताला ते जाणवतही नाही. मागच्या १२ मीटरच्या बाजूला पाच कॉलम, उरले १०.८५ मीटर, दोन गाळे सातचे आणि दोन साडेसहाचे मिळून १०.८४. तंतोतंत.

पुढच्या बाजूला थोडी मोकळीक असते, कारण गेटची रुंदी आपल्या हातात आहे. दोन कोपरे, गेटचे दोन कॉलम आणि मधला एक, असे पाच कॉलम. सहा ब्लॉकचे तीन गाळे घेतले तर गेटला ३.६२ मीटर उरतात, म्हणजे बारा फुटांहून किंचित कमी. गाडीला ते पुरतं. गेट फॅब्रिकेटरकडे टाकण्याआधी कॉलमची ही जागा पक्की करा. उलटं केलं, तर पुढच्या बाजूचा प्रत्येक रद्दा गेटच्या मापापायी कापावा लागतो.

मोजणी

| बाजू | गाळे | एका रद्द्याला ब्लॉक |
|---|---|---|
| डावी, १५ मी. | ७ चे ३, साडेसहाचे २ | ३४ |
| उजवी, १५ मी. | ७ चे ३, साडेसहाचे २ | ३४ |
| मागची, १२ मी. | ७ चे २, साडेसहाचे २ | २७ |
| पुढची, गेट सोडून | ६ चे ३ | १८ |
| एकूण | १७ गाळे | ११३ |

रद्द्याची उंची सांध्यासकट २०० मिमी. सात रद्दे म्हणजे १.४० मीटर, वर १० सेंटिमीटरचं कोपिंग, झाली दीड मीटर. भिंतीची उंचीही अशीच रद्द्यात ठरवावी. "पाच फूटच पाहिजे" म्हणून अडून बसलं, तर शेवटचा रद्दा आडवा कापावा लागतो, किंवा गवंडी प्रत्येक आडवा सांधा फुगवून उंची भरून काढतो. दुसऱ्या प्रकाराची किंमत सिमेंटमध्ये मोजावी लागते, ते पुढे येईलच.

११३ गुणिले ७ म्हणजे ७९१ ब्लॉक. यातले अर्धे किती, तेही मोजून घ्या. सातच्या आणि सहाच्या गाळ्यांत दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या रद्द्याला दोन-दोन अर्धे, साडेसहाच्या गाळ्यांत प्रत्येक रद्द्याला एक. बेरीज १०८ अर्धे, म्हणजे ५४ पूर्ण ब्लॉक बरोबर मधोमध कापायचे. काही ब्लॉकवाल्यांकडे तयार अर्धे मिळतात; मिळाले तर तेच घ्या. नाहीतर कटर मशिनने कापा. हातोड्याने तोडलेल्या ब्लॉकचे दोन सारखे अर्धे मिळतीलच असं नाही, आणि वाकडं तोंड सिमेंट-वाळूच्या मालाने भरलं जातं.

तूटफुटीला चार टक्के धरले, म्हणजे ३२ ब्लॉक. मागणी ८२५ची. आता घेर गुणिले उंची करून बघा: ५४ मीटर गुणिले दीड, गुणिले साडेबारा, उत्तर १०१२. कॉलम, गेट आणि कोपिंग यांच्या जागेचे मिळून पावणेदोनशेच्या वर ब्लॉक जास्त. ते नंतर प्लॉटच्या कोपऱ्यात पडून राहतात आणि परत कोणी घेत नाही.

असा सॉलिड ब्लॉक साधारण २४-२५ किलोचा असतो. ८२५ ब्लॉक म्हणजे वीस टन, एका गाडीत येणारा माल नव्हे. दुसरी खेप आली की पहिल्यासारखीच दहा ब्लॉकची रांग पुन्हा लावून मोजा. साचा बदललेला असू शकतो. उतरवून घेताना दहा लांब आणि पाच उंच अशा रांगा रचायला सांगा. एक रांग म्हणजे पन्नास, मोजायला सोपं. ढीग केलेले ब्लॉक कोणी मोजत नाही.

त्याच वेळी एक ब्लॉक फोडून आत बघा. मध्यभागी रंग गडद आणि ओलसर असेल, तर तो ताजा आहे. ब्लॉकला चौदा दिवस पाणी आणि त्यानंतर महिनाभर सुकणं हवं. घाईने आणलेला ब्लॉक भिंतीत बसल्यावर सुकतो, आकसतो, आणि गाळ्याच्या मधोमध उभा तडा देतो. तो तडा मालाच्या माथी मारला जातो.

जमीन उताराची असेल तर

मोजणीत एकच गोष्ट बदलते. प्लिंथ बीम उताराबरोबर तिरका घेऊ नका, कॉलमच्या जागी पायरी द्या, आणि पायरी २०० मिमीची किंवा तिच्या पटीत ठेवा. पायरीने बरोबर एक रद्दा वाढतो, आणि त्या गाळ्याचे ब्लॉक सातऐवजी आठ रद्द्यांचे धरले की झालं. पायरी १५० मिमीची दिली, तर त्या गाळ्यातला अख्खा एक रद्दा लांबीत कापायचा. हे काम कोणीही नीट करत नाही.

सांध्यांचा माल

ब्लॉकला किती माल लागतो याचे तयार आकडे अनेक फिरतात, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत, कारण त्यांतला सांधा किती जाडीचा हे कोणी सांगत नाही. सांध्याचं घनफळ सरळ काढता येतं, आणि एकदा काढलं की कोणावर विसंबावं लागत नाही.

आडवा सांधा म्हणजे ब्लॉकखालची गादी. सगळ्या गाळ्यांची मिळून लांबी ४५.३ मीटर, रुंदी ब्लॉकच्या जाडीएवढी १५ सेंटिमीटर, जाडी एक सेंटिमीटर. एका रद्द्याला ६८ लिटर, सात रद्द्यांना ४७६. उभा सांधा १९० उंच, १५० रुंद, १० जाड, त्यात ०.२८५ लिटर माल बसतो. अर्धे ब्लॉक आणि कॉलमकडचे सांधे धरून आपल्या भिंतीत असे ९६४ सांधे आहेत, म्हणजे २७५ लिटर. दोन्ही मिळून ७५१ लिटर.

एवढाच माल कधीच पुरत नाही. थापीवरून पडतो, सांध्याबाहेर येतो, आणि प्लिंथ बीमचा माथा जिथे खाली असेल तिथे पहिली गादी दोन-अडीच सेंटिमीटरची होते. वीस टक्के वाढवा: ९०० लिटर ओला माल.

ओल्या मालासाठी कोरडं साहित्य जास्त लागतं, कारण सिमेंट वाळूच्या कणांमधल्या पोकळीत जाऊन बसतं आणि एकूण आकार कमी होतो. नेहमीचा गुणक १.३३. म्हणजे कोरडं १२०० लिटर. एकास सहाच्या प्रमाणात याचे सात भाग करा: एक भाग सिमेंट, १७१ लिटर, सहा भाग वाळू, १०२९ लिटर. सिमेंटची ५० किलोची गोणी ३५ लिटरची असते. १७१ भागिले ३५, उत्तर ४.९. पाच गोण्या.

वाळू १०२९ लिटर म्हणजे ३६ घनफूट. चाळणीवर राहिलेली, जमिनीत मिसळलेली, वाऱ्याने गेलेली धरून पंधरा टक्के वाढवा, ४२ घनफूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा अर्धा ब्रास मागवला की पुरतो. नदीची वाळू असेल आणि ओली असेल तर ती फुगलेली असते. ओल्या वाळूचं आकारमान कोरडीपेक्षा पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही जास्त भरू शकतं, म्हणजे गाडी भरलेली दिसते पण वाळू कमी असते. आता बहुतेक ठिकाणी क्रश सँड येते. तिचा दोष वेगळा: भुकटी जास्त असेल तर मालाला पाणी जास्त लागतं आणि सांधा सुकताना बारीक चिरा पडतात. मुठीत घेऊन सोडल्यावर तळहाताला पिठासारखा थर चिकटून राहिला, तर ती परत पाठवा.

"सिमेंट जास्त टाकू, भिंत मजबूत होईल" असं म्हणून एकास चारचा माल करणारे खूप आहेत. त्याला जवळपास सात गोण्या लागतात, आणि भिंतीचं त्याने भलं होत नाही. कडक माल जास्त आकसतो, आणि भिंत थोडी हलली तर चीर सांध्यातून न जाता ब्लॉक फोडून जाते. सांध्यातली चीर माल भरून मिटवता येते, फुटलेल्या ब्लॉकला तसा उपाय नाही. बाहेरच्या कंपाउंडला एकास सहा पुरेसा आहे.

सांधा जाड झाला की काय होतं

सगळ्या हिशोबाचं मर्म इथे आहे. सांधा १० ऐवजी १५ मिमीचा झाला, की माल दीडपट होतो. पाच गोण्यांच्या जागी साडेसात. ब्लॉक मात्र चौरस मीटरमागे चार टक्केही वाचत नाहीत. २० मिमीला माल दुप्पट. गवंडी जाड सांधा मुद्दाम घालत नाही. वाकडा ब्लॉक ओळीत आणायला, खाली-वर बीम सावरायला किंवा भराभर काम उरकायला तो घालतो. पण गाळा ब्लॉकच्या मापात आखलेला असेल, तर उभा सांधा जाड झाल्यावर सातवा ब्लॉक आत जातच नाही, आणि चूक पहिल्याच रद्द्यात उघडी पडते.

आडव्या सांध्यासाठी दोन मीटरची सरळ लाकडी पट्टी घ्या आणि तिच्यावर तळापासून दर २०० मिमीला करवतीने खाच पाडा, सातव्या खाचेपर्यंत. प्रत्येक कॉलमवर बीमपासून याच पट्टीने खुणा करा आणि दोरी त्या खुणांवरच बांधायला सांगा. त्याआधी प्लिंथ बीमचा माथा पाणीपातळीने तपासा. तो कुठे २० मिमी खाली असेल तर तेवढ्या जागी आधीच बारीक खडीचं काँक्रीट टाकून सारखा करा. गादीच्या मालाने ती उणीव भरू देऊ नका.

माल किती कालवायचा

प्रमाण घमेल्याने मोजलं जातं, आणि घमेलं कधी सपाट भरतं, कधी शीग लावून. ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद आणि २५ खोल अशी तळ नसलेली लाकडी पेटी करून घ्या. ती बरोबर ३५ लिटरची, म्हणजे एका गोणीची होते. गोणीमागे सहा पेट्या वाळू. पेटी वापरायला गवंडी कुरकुरले, तर साइटवरच्या घमेल्यांनी ती एकदा भरून बघा, किती घमेली बसतात ते मोजा आणि तो आकडा पक्का करा.

एका गोणीचा एकास सहाचा ओला माल साधारण १८४ लिटर होतो. ब्लॉकमागे तुटीसकट १.१४ लिटर धरले, तर एक गोणी १६० ब्लॉकना पुरते. एक गवंडी आणि एक बिगारी हे जड सॉलिड ब्लॉक दिवसाला शंभर ते दीडशे लावतात. पाणी घातल्यापासून दोन तासांत माल संपायला हवा, आणि दोन तासांत लागतात तीस-एक ब्लॉक. म्हणजे एका गवंड्यासाठी एका वेळी पाव गोणीपेक्षाही थोडा कमी माल भिजवायचा. प्रत्यक्षात सकाळी अख्खी गोणी कालवून ठेवतात, दुपारपर्यंत माल ताठ होतो, त्यात पुन्हा पाणी मारून तो सैल करतात. दिसायला तो माल चांगलाच दिसतो, पण ब्लॉकला धरत नाही. सहा महिन्यांनी सांध्यात खिळा फिरवला तर भुसा पडतो. त्यापेक्षा अर्धी गोणी कोरडीच वाळूत मिसळून ठेवा, आणि लागेल तेवढ्यालाच पाणी घाला. कोरडी मिसळलेली वाळूही त्याच दिवशी संपवा. तिच्यातली ओल सिमेंटला लागते.

विटांची सवय असलेले गवंडी ब्लॉकही पाण्यात बुडवायला घेतात. काँक्रीटचा ब्लॉक बुडवायचा नसतो. तो पाण्याने किंचित फुगतो, भिंतीत सुकताना आकसतो आणि सांधा सोडतो. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या ब्लॉकच्या सांध्याकडच्या बाजूंवर फक्त ओलं फडकं किंवा पाण्याचा हलका शिडकावा पुरतो. बांधकाम झाल्यावर सांध्यांना पाणी मारायचं, पण पाइपचा जोर ताज्या सांध्यावर नको.

पहिल्या गोणीवरून तपासणी

पहिली गोणी संपली की लागलेले ब्लॉक मोजा. पहिल्या रद्द्याची गादी थोडी जास्त माल खाते, म्हणून १४० ते १६० यातला आकडा बरोबर समजा. १००-११० वर गोणी संपली, तर सांधे १५ मिमीकडे गेले आहेत. पट्टी लावून बघा, खाच आणि रद्द्याचा माथा जुळणार नाहीत.

दोनशेच्या वर ब्लॉक लागले तर खूश होऊ नका. माल वाचलेला नसून, उभे सांधे पोकळ राहिले आहेत. गवंडी ब्लॉकच्या दोन कडांना मालाची बोटं लावतो, ब्लॉक टेकवतो, बाहेरून सांधा भरलेला दिसतो आणि आत हवा असते. वरचा रद्दा बसायच्या आधी उभ्या सांध्यात तांब्याभर पाणी ओता. भरलेल्या सांध्याच्या तोंडावर ते थांबतं, पोकळ सांध्यातून खाली निघून जातं. पावसाळ्यात प्लॅस्टरवर चौकोनी ओल उमटते ती अशाच सांध्यांतून. उपाय तेव्हाच करायचा: पातळ माल करून वरून पट्टीने खुपसून भरायचा, आणि पुढच्या ब्लॉकच्या पूर्ण तोंडाला माल लावूनच तो बसवायला सांगायचा.

सगळ्यात शेवटी एक हिशोब वेगळा ठेवा. पाच गोण्या म्हटल्या होत्या आणि बारा लागल्या, ही तक्रार बऱ्याचदा कोपिंगमुळे येते. २० सेंटिमीटर रुंद, १० सेंटिमीटर जाड आणि ४५ मीटर लांब कोपिंगला ०.९ घनमीटर काँक्रीट लागतं, आणि एकास दीडास तीनच्या प्रमाणात त्यालाच सात गोण्यांच्या वर सिमेंट जातं, म्हणजे सगळ्या सांध्यांपेक्षा जास्त. कोपिंगच्या आणि प्लॅस्टरच्या गोण्या वेगळ्या लिहा आणि वेगळ्या रचा. तरच सांध्यांना खरोखर किती सिमेंट गेलं ते कळेल.